घरोघरच्या गोष्टी : तेहतीस अनारसे

पूर्वी एकत्र कुटुंबातील मसलती माजघरात होत. आता भाऊ एका गावी, बहीण दुसऱ्या गावी. तेव्हा त्या मसलती व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेशांनी होतात. बोललेले शब्द हवेत विरून न जाता यंत्रात राहतात, आणि मागाहून ऐकू गेल्यास कोणाचे कोठे चुकले हे अगदी ओळीने कळते. पालघर जिल्ह्यातील मनोर येथील एका घराची २०१८ सालची हकीकत अशाच संदेशांतून उतरून काढलेली आमच्याकडे आली आहे. नाना निवृत्त शिक्षक. दोघे वृद्ध पतिपत्नी मनोरला राहतात. थोरला मुलगा बोईसरला तारापूरच्या कारखान्यात, मुलगी नाशिकला सासरी, आणि धाकटा पुण्यास. संबंधितांच्या संमतीने, नावे गाळून, ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

धाकटा, पुणे. २० मे, रात्री ९ वाजता

दादा, ताई, ऐका. मागच्या खेपेस नानांच्या ट्रंकेत लग्नाची कुंकुमपत्रिका सापडली, तिचा मी फोटो काढून ठेवला आहे. ता. ८ जून १९६८, शनिवार. म्हणजे येत्या ८ जूनला बरोबर पन्नास वर्षे होतात! त्या दोघांना काडीचाही पत्ता लागू न देता घरीच समारंभ करायचा. पंचवीस पाने, अंगणात लहानसा मांडव, आणि लग्नातला तो फोटो मोठा करून.

थोरला, बोईसर. २० मे, रात्री १० वाजता

कल्पना नामी आहे. पालघरच्या आचाऱ्याला मी सांगतो. शेजारच्या काकूंना तेवढे विश्वासात घ्यावे लागेल. मात्र आईचे नाक तिखट. तेव्हा आपण तिघांनीही आधीपासून सांगायचे की जूनमध्ये येणे जमणार नाही. मी कारखान्यातल्या कामाचे निमित्त सांगेन. बाळ, तू परीक्षेचे सांग. ताई, तू तुझे काहीतरी पाहा.

ताई, नाशिक. २६ मे, दुपारी २ वाजता

दादा, आपल्या गुरुजींना पूजेविषयी विचारले, तर ते म्हणतात यंदा ज्येष्ठ अधिक आहे. १६ मेपासून १३ जूनपर्यंत अधिक महिना, आणि १४ जूनपासून निज ज्येष्ठ. अधिकात असले मंगलकार्य करीत नाहीत. त्यांनी मला तिथी विचारली. मला सांगता येईना. बाळ, पत्रिकेवर तिथी असेल ना रे?

धाकटा, पुणे. २६ मे, सायंकाळी ६ वाजता

आहे. शके १८९०, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. पण ताई, तारीखही छापलेली आहेच की! आपल्याला मुहूर्त कशाला हवा? जेवणच घालायचे आहे.

थोरला, बोईसर. २६ मे, रात्री ९ वाजता

आचाऱ्याला विसार दिला, पंचवीस जणांना निरोप गेले. आता मागे फिरणे नाही. पूजा वगळू.

ताई, नाशिक. ३ जून, रात्री ९ वाजता

आज आईचा फोन आला होता. मला फार अवघड वाटले. ती म्हणाली, अधिक महिना आहे, जावईबापूंना वाण द्यायचे आहे, एका दिवसापुरते तरी दोघे या. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, कुटून, गूळ घालून तिने पीठही करून ठेवले आहे. मी म्हटले, यांना रजा नाही. ती म्हणाली, मग तू एकटी ये. तेव्हा मला दुसरे काही सुचेना, म्हणून म्हटले की मला बरे नाही, अंगात कणकण आहे. ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तुम्हा तिघांचे काही बिनसले आहे का ग?" मी हसून वेळ मारून नेली. दादा, आपण तिला सांगून टाकू या का?

थोरला, बोईसर. ३ जून, रात्री ९।। वाजता

पाच दिवसांचा प्रश्न आहे. इतक्या दिवसांचे करणे एका वाक्याने फुकट घालवू नकोस. ८ तारखेला तिचा चेहरा पाहिलास म्हणजे सारे विसरशील.

धाकटा, बोईसर. ७ जून, रात्री ११ वाजता

मी दादाकडे येऊन पोचलो. पावसाने झोडपले आहे. मांडवाला ताडपत्री लागेल. सकाळी पालघरहून फुले व भांडी घेऊन वाघोबाच्या खिंडीतून बारापर्यंत मनोरला येतो. दादा पहिली पाळी आटोपून चिल्हारच्या रस्त्याने येईल.

ताई, जव्हार. ८ जून, सकाळी १०। वाजता

त्र्यंबक सोडल्यापासून फोन लागत नव्हता, आत्ता जव्हारला लागला. आम्ही दोघे साडेअकरापर्यंत पोचतो. वाटेत मोखाड्याच्या अलीकडे नाशिककडे जाणारी लाल एस.टी. समोरून आली, रस्ता अरुंद म्हणून आम्ही गाडी कडेला घेतली. पावसाने तिच्या खिडक्या बंद होत्या. उगाच वाटले, आईला आता अशा गाडीने येण्याची दगदग नको.

थोरला, बोईसर. ८ जून, सकाळी ११। वाजता

ऐका, घोटाळा झाला आहे. आमच्याकडे रसायनांमुळे फोन फाटकावरच ठेवावा लागतो. बाहेर येऊन पाहतो तो काकूंचे चार फोन. त्यांच्याजवळ माझाच नंबर होता. आई आणि नाना सकाळी सातच्या गाडीने नाशिकला गेले! आई म्हणाली, लेकीला बरे नाही आणि ती सांगत नाही, वाण मीच नेऊन देते. काकूंनी पुष्कळ थांबविले, पण आपण त्यांना शपथ घातलेली, खरे कारण सांगणार कसे? नानांचा फोन घरातच टेबलावर आहे असे काकू म्हणतात. आईचा लागत नाही.

ताई, मनोर. ८ जून, दुपारी १२ वाजता

ती समोरून गेलेली गाडी त्यांचीच होती, दादा. मी दोन हातांवरून त्यांना जाऊ दिले. माझ्या घराला कुलूप आहे. आम्ही असेच मागे फिरतो. मांडव, पाने, सारे तुम्ही पाहा.

थोरला, मनोर. ८ जून, दुपारी १। वाजता

ताई, गाडीत फोन लागला तर ऐक, आणि घाबरू नकोस. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईच्या फोनवरून मला कळविले. दोघे बाराच्या सुमारास पोचले, कुलूप पाहून जिन्यावर बसले. नानांनी सकाळी साखरेची गोळी नेमाने घेतली होती. पोटात मात्र एक कप चहा. लेकीकडेच जेवू म्हणाले होते. बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. आई ओळखून होती. पिशवीत वाणाच्या डब्याखेरीज खायला काही नव्हते. तिने डब्याचे फडके सोडले, दोन अनारसे मोडून त्यांना चारले, आणि त्या बाईंनी वरून साखरपाणी दिले. पावघटकेत ते ताळ्यावर आले. डॉक्टर येऊन पाहून गेले. गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर उतरली, आता धोका नाही, पण जेवू घाला आणि आज एकटे सोडू नका, असे सांगितले.

धाकटा, मनोर. ८ जून, दुपारी ४ वाजता

पाहुणे जेवून गेले. ताडपत्री दोनदा कोसळली. मोठ्या केलेल्या फोटोला हार घालावा असे कोणीतरी सुचविले, तेव्हा मात्र मला राहवेना. मी तो फोटो उचलून आत नेला. दादा कोणाशी बोलत नाही.

आई, नाशिक. ८ जून, रात्री ९ वाजता

ताईने हे बटण दाबून धरायला सांगितले आहे. मुलांनो, नाना जेवले आणि निजले. मी रागावलेली नाही. पण एक गोष्ट सांगते. तुम्ही तिघे पंधरा दिवस एका सुरात "जमत नाही, जमत नाही" म्हणत होतात. बोईसर घरापासून घटकाभराच्या वाटेवर, तरी थोरला येत नाही. मी रात्र रात्र विचार करी की आमच्या माघारी ही भावंडे एकमेकांच्या दारात तरी जातील की नाही. ते मनातले काढून टाकायलाच मी इकडे आले. वाण हे निमित्त. आता डब्यात एकतीस अनारसे आहेत. मोडलेले वाण देत नाहीत. पीठ घरी आहे. १३ तारखेच्या आत जावईबापूंनी मनोरला यावे, दोन ताजे तळीन. यंदा पीठ चांगले झाले आहे, एकही अनारसा तुपात हसला नाही.

नाना, नाशिक. ९ जून, सकाळी ८ वाजता

बाळ, पत्रिकेवरील तिथीची ओळ वाचूनही तू खाली टाकलीस. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. ते अंतर अधिक महिना भरून काढतो, आणि एकोणीस वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा जवळजवळ एका ठिकाणी येतात. १९८७ साली व २००६ साली तू ही पत्रिका काढली असतीस, तर एखाद्या दिवसाचाच फरक पडता. पन्नासाव्या वर्षी तो मेळ बसत नाही. आमची त्रयोदशी निज ज्येष्ठातली, वटपौर्णिमेच्या आधी दोन दिवस, २५ जूनला. कालचा दिवस आमच्या हिशेबी लग्नाचा वाढदिवस नव्हताच. तेव्हा तुम्ही काही बिघडविलेले नाही. सोमवार आहे, रजा काढा. आणि या खेपेस आधी कळवून या. तुमच्या आईला तुमची वाट पाहायला आवडते.

येथे संदेश संपतात. ११ जूनला तेहतीस अनारशांचे वाण मनोरच्या घरी दिले गेले, आणि २५ तारखेस त्याच अंगणात घरच्याच माणसांची पाने मांडली गेली, इतके मुलीने पत्राच्या शेवटी लिहिले आहे.

या हकीकतीत कोणाच्याही मनात प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती एका माहितीची, आणि ती माहिती पत्रिकेत छापलेली, गुरुजींनी सांगितलेली व आईच्या अनारशांत उघड दिसत असलेली होती. अधिकाचे वाण द्यायला आई जावयाला बोलावते आहे, याचा अर्थ ती त्या महिन्यात आपला वाढदिवस धरीत नाही, हे कन्येस क्षणभर थांबती तर उमगते. आनंदाचा धक्का देणाऱ्याला चार दिवस खोटे बोलावे लागते, हे खरे. परंतु ते खोटे कोणते असावे याला मर्यादा आहे. रजा नाही, परीक्षा आहे, ही निमित्ते ऐकून म्हातारी माणसे खिन्न होतील, पण घरीच राहतील. "मला बरे नाही" हे ऐकून मात्र आई घरी बसत नाही. ती पहिल्या गाडीने निघते. गुपित राखणाऱ्या शेजारणीलाही अशा वेळी ते फोडण्याची मोकळीक हवी, आणि तिघांचेही नंबर तिच्याजवळ हवेत. काकूंना ती मुभा असती, तर सात वाजताची ती गाडी दोन उतारू मागे ठेवूनच जव्हारकडे गेली असती.