परवानगी मागे घेण्याचे पत्र

शेजाऱ्यास तोंडी दिलेली परवानगी लेखी मागे घेणे आपल्या समाजात असभ्यपणाचे समजले जाते. माझे मत उलट आहे. असे पत्र शेजाऱ्यापेक्षा काळाला उद्देशून लिहिलेले असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १५ नुसार एखादी वाट २० वर्षे उघडपणे, विनाअडथळा व 'हक्क म्हणून' वापरली गेली, तर तिचे रूपांतर कायम हक्कात होऊ शकते. मालकाच्या परवानगीने झालेला वापर मात्र कितीही वर्षे चालला तरी हक्क ठरत नाही. प्रश्न एवढाच, की परवानगी होती हे सिद्ध कसे करणार?

बंगळुरूतील एका मराठी परिचितांनी मला हेच विचारले. त्यांच्या ३० बाय ४० फुटांच्या भूखंडाच्या कडेने जाणाऱ्या बोळातून शेजारी २०११ पासून आपली स्कूटर नेत असत. आता परिचितांना तेथे जिना बांधायचा होता. त्यांनी तयार केलेल्या मसुद्यात 'आपला जाण्यायेण्याचा हक्क रद्द करीत आहे' असे वाक्य होते. तेच घातक होते, कारण त्याने नसलेला हक्क स्वतःच मान्य केला असता.

मी सुचविलेला मजकूर असा: '२०११ मध्ये माझ्या जागेतून स्कूटर नेण्यास मी आपणांस विनामोबदला तोंडी परवानगी दिली होती. ती मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. पर्यायी व्यवस्थेसाठी पत्र मिळाल्यापासून ६० दिवस देत आहे.' कलम ६३ वाजवी मुदत मागते, दिवस ठरवून देत नाही. ६० दिवस ही माझी सूचना. पत्र शेजाऱ्यांना वाचता येईल अशा कन्नड वा इंग्रजीत लिहावे, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे, आणि त्याआधी घरी जाऊन तोंडी सांगावे.

दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. परवानगीच्या भरवशावर शेजाऱ्याने स्वखर्चाने तेथे कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर कलम ६० नुसार परवानगी मागे घेता येत नाही. तसेच अपार्टमेंटमधील सामाईक पार्किंग एकट्या रहिवाशाच्या मालकीचे नसते, म्हणून त्याबाबतचे पत्र संघटनेने ठराव करून द्यावे.

सर्वांत दुर्लक्षित धोका पत्रानंतरचा आहे. मुदत संपल्यावरही वापर चालू राहिला व आपण गप्प बसलो, तर तो वापर आता परवानगीविना होतो. म्हणजे २० वर्षांची मोजणी सुरू होण्यास आपणच वाव देतो. अशा वेळी स्वतः कुलूप ठोकून वाद रस्त्यावर आणू नये, दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा. ती तयारी नसेल, तर परवानगी मागे न घेता ती लेखी, दरवर्षी नूतनीकरणाच्या अटीवर द्यावी. हक्क सुरक्षित राहतो आणि शेजारही.