गज लेकरासाठी, परवानगी कुणाची?

चुडावा हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं गाव. पूर्णा-नांदेड लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे. इथली जुनी घरं बैठी. पण आता खाली दुकान आणि वर दोन खोल्या अशी घरं झाली आहेत आणि नोकरीसाठी आलेली माणसं वरच्या खोल्यांत भाड्याने राहतात. आमच्या ओळखीतली एक मैत्रीण अशाच घरात राहते. तिचं लेकरू दीड वर्षाचं. घराला रस्त्याच्या बाजूने 9 फूट लांबीची गॅलरी आहे. कठडा जेमतेम अडीच फुटांचा आणि त्याला तीन आडवे पाइप. खोलीच्या दोन खिडक्यांना सरकत्या काचा आणि मच्छरजाळी आहे, गज मात्र नाहीत.

एक दिवस ती भाकरी थापत असताना लेकरू दुसऱ्या पाइपावर पाय ठेवून उभं राहिलेलं तिला दिसलं. तिने त्याला उचलून आणलं आणि संध्याकाळी खाली जाऊन घरमालकांना विचारलं, "काका, गॅलरीला आणि खिडक्यांना आमच्या खर्चाने गज बसवू का? घर सोडताना काढून नेऊ." काका म्हणाले, "आमची चार लेकरं ह्याच घरात वाढली, एक बी पडलं नाही. लक्ष ठेवायला काय होतंय? आन् साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." काकू दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बसवू द्या की, लेकराचा जीव हाय." पण पुढे त्याही काही बोलल्या नाहीत.

या प्रसंगात दोन बाया आहेत. दोघींनाही धोका दिसतो आणि दोघींच्याही हातात होकार नाही. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर काकांच्या नावाने, भाडेचिठ्ठी नवऱ्याच्या नावाने. लेकरू पडलं तर दोष मात्र आईचा. "लक्ष ठेवायला काय होतंय" या वाक्यात हे सगळं आलं. लक्ष ठेवणारी बाई त्याच वेळी स्वयंपाक करते, पाणी भरते, धुणं वाळत घालते. लेकराला कठड्यापर्यंत पोचायला काही क्षण पुरतात. काकांची चार लेकरं वाढली तेव्हा घर बैठं होतं, हेही कुणी लक्षात घेत नाही.

तरीही काकांच्या नकारामागे नुसता हेकेखोरपणा आहे असं मी म्हणणार नाही. नवरा-बायको दोघं पुन्हा भेटायला गेली तेव्हा खरी भीती बाहेर आली. एक, फरशीला भोकं पाडली की पाणी मुरतं आणि खालच्या दुकानात गळतं. दोन, जाताना भोकं तशीच ठेवून भाडेकरू निघून जातात. तीन, आणि हीच मोठी, भाडेकरूने स्वतःच्या पैशाने लोखंड बसवलं की उद्या तो म्हणेल, घरात माझाही हिस्सा आहे.

यातल्या शेवटच्या भीतीला कायद्यात उत्तर आहे आणि ते आपल्या गटांना ठाऊक असायला हवं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरूला मालकाच्या संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम करता येत नाही. पण त्याने स्वतः बसवलेली वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेण्याचा हक्क त्याला आहे. अट एवढीच, की जागा जशी मिळाली तशी परत करायची. म्हणजे "घर सोडताना काढून नेऊ" हे गयावया करून दिलेलं वचन नाही, मूळ कायद्यातली रीतच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांनाच लागू आहे, खेड्यांत सरसकट नाही. त्याच्या कलम 16 प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीविना कायमचं बांधकाम केल्यास घर खाली करून मागता येतं. पण कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, याच्या यादीत दार, लाकडी आडभिंत यांच्याबरोबर जाळीकामही आहे. यावर वाद होऊ शकतो. म्हणून तोंडी होकारावर विसंबू नये, लेखी संमती घ्यावी. कागदावर "तात्पुरते" हा शब्द आला की मालकाची भीतीही जाते आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याचं निमित्तही उरत नाही.

पहिल्या दोन भीतींचं उत्तर वेल्डिंगवाल्याकडे मिळालं. त्याला घरी बोलावून आधी माप घेतलं. ठरलं ते असं. मालकाच्या कठड्याला वेल्डिंग करायचं नाही, कारण ते काढताना कठडा खराब होतो. फरशीला एकही भोक नाही. गजांची चौकट कठड्याच्या आतल्या बाजूने, फरशीपासून वरच्या तुळईपर्यंत. बाजूच्या भिंतींत चार-चार आणि तुळईत चार, अशी बारा भोकं आणि त्यांत नट-बोल्टचे फास्टनर. खालची बाजू जुन्या पाइपाला रबर लावून क्लॅम्पने आवळायची. सगळं मिळून 80-85 किलो लोखंड होतं. म्हणून चौकट दोन तुकड्यांत करायची, म्हणजे जिन्यावरून चढवता येते आणि जाताना पान्याने खोलून उतरवताही येते.

गज कसे असावेत हे मात्र आपण सांगावं लागतं, कारण वेल्डिंगवाला नक्षी दाखवतो. गज उभेच हवेत. आडवी पट्टी आणि वेलबुट्टी म्हणजे लेकरासाठी शिडी. दोन गजांमधली मोकळी जागा 4 इंचांहून कमी हवी. टेप नसेल तर आपली चार बोटं जोडून आडवी धरावीत, तेवढंच अंतर ठेवावं. जागा जास्त असली तर लेकराचं अंग पायाकडून बाहेर जातं आणि डोकं अडकतं. जुना आडव्या पाइपांचा कठडा आहे तिथे अर्ध्या उंचीची चौकट पुरत नाही, कारण लेकरू गजांमधून पाय घालून मागच्या पाइपावर चढू शकतं. मच्छरजाळीवर तर मुळीच विसंबू नये. ती डासांसाठी असते, लेकराच्या वजनाने निघून येते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही उन्हाने कुजते. चौकट बसल्यावर मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहावी. फास्टनर नुसत्या गिलाव्यात बसला असेल तर तो हलतो आणि भोवती भुगा पडतो. त्याने विटेत शिरायला हवं.

आता एक अवघड गोष्ट. गज म्हटलं की आपल्या मनात दुसरंही चित्र येतं. मुलींच्या वसतिगृहाचे गज, सुनेला कोंडलेल्या खोलीचे गज. आपण त्यांविरुद्ध बोलत आलो आणि इथे आपणच गज मागतो आहोत. फरक किल्लीचा आहे. गॅलरीच्या चौकटीत माणूस बाहेर पडेल एवढा एक झरोका उघडता हवा. त्याची कडी लेकराच्या हाताला न लागेल इतक्या उंच, आतल्या बाजूने. कुलूप लावलं तर किल्ली तिथेच भिंतीवर, बाईच्या हाताशी. आग लागली, जिन्यात धूर कोंडला, तर बाहेर पडायची तीच एक वाट असते.

त्या दोघांनी शेवटी जे पत्र दिलं ते मैत्रिणीने मला दाखवलं. गटांना उपयोगी पडेल म्हणून त्यातला मजकूर देते:

"स. न. वि. वि. आम्ही आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमचे मूल दीड वर्षाचे आहे. त्याच्या सुरक्षेसाठी गॅलरीला व दोन खिडक्यांना तात्पुरते गज बसविण्यास आपली लेखी संमती मिळावी. खर्च आमचा राहील. फरशीला भोक पाडणार नाही, कठड्याला वेल्डिंग करणार नाही. सोबत नकाशा व आजचे फोटो जोडले आहेत. गज आमच्या मालकीचे राहतील, त्यामुळे घरावर आमचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही. घर सोडताना गज काढून, भोके सिमेंटने बुजवून रंग देऊ. आपणांस गज ठेवून घ्यायचे असल्यास तेव्हा दोघांनी मिळून किंमत ठरवू. हे काम पूर्ण केल्यावर अनामत रकमेतून यापोटी कपात होऊ नये."

खाली नवरा-बायको दोघांच्या सह्या. तिची सही हवी असा तिनेच आग्रह धरला. काकांनी दोन दिवसांनी "संमत" लिहून सही केली आणि एक प्रत तिला दिली. या पत्रात "कृपा करून" कुठेच नाही, हे मला फार आवडलं.

पण प्रत्येक बाईने असं पत्र लिहीत बसावं, हाच का आपला उपाय? न्यूयॉर्क शहरात 1972 मध्ये आरोग्य खात्याने खिडकीतून पडणाऱ्या मुलांसाठी मोहीम हाती घेतली आणि 1976 मध्ये नियम केला. तीन किंवा अधिक बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत 10 वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल, तर खिडकीला गज बसवणं ही मालकाची जबाबदारी. आगीच्या वेळी सुटकेची वाट असलेली खिडकी तेवढी वगळली. तिथे आईने परवानगी मागायची नसते, मालकाने विचारायचं असतं, "घरात लहान मूल आहे का?"

आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होईल. तोवर करण्यासारखी गोष्ट अगदी जवळची आहे. भाड्याचा करार लिहितानाच त्यात एक ओळ घालून घ्यायची: मुलाच्या सुरक्षेसाठी काढता येण्याजोगे गज बसवण्यास मालक हरकत घेणार नाही, घर सोडताना भाडेकरू ते काढून जागा पूर्ववत करील. घरात पाय ठेवण्याआधी ही ओळ मिळते. नंतर ती मागावी लागते. आणि "काढून नेऊ" म्हणतानाही दुसऱ्या पर्यायाचा विचार व्हावा. आपलं बिऱ्हाड उठलं की त्याच गॅलरीत दुसरं लेकरू येणार आहे. मालकाने वाजवी किंमत देऊन गज ठेवून घेतले, तर त्याच्या आईला पुन्हा खाली जाऊन विचारावं लागणार नाही.

चुडाव्याच्या त्या गॅलरीत गज बसले तेव्हा काकू वर आल्या. हात लावून पाहत म्हणाल्या, "आता नातू आला तरी भ्या नाही." गज त्यांनाही हवेच होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.