उशिरा आलेला शब्द आणि चुकीचा शब्द

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या एका दिवसाच्या बैठकीला चाळीसेक बायका होत्या. त्यातल्या पाच जणींना कमी ऐकू येत होतं. त्या मराठी वाचणाऱ्या होत्या, म्हणून आम्ही बोललेलं लगेच अक्षरांत उमटवणारी संगणकाची सोय केली. एक लॅपटॉप, हातात धरायचा माईक आणि भिंतीवर पडदा, एवढाच पसारा. (ज्यांची भाषा खुणांची आहे त्यांना दुभाषीच हवी, ही सोय त्याला पर्याय नाही.)

सकाळी एक बाई माईकवर म्हणाल्या, "मी नवऱ्याकडे परत जाणार..." आणि थांबल्या. पडद्यावर तेवढंच उमटलं. आमच्या पाच जणींपैकी एकीने ते वाचलं आणि मान वळवून बोलणारीचा चेहरा पाहू लागली. दोन क्षणांनी बाई म्हणाल्या, "नाही." पडद्यावर तेही आलं, पण ते वाचायला तिची नजर तिथे नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती त्या बाईंना समजवायला गेली, की घाई करू नका, परत जाऊ नका. दोघीही गोंधळल्या.

यात यंत्राने एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ज्यांना ऐकू येतं त्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखतात, की वाक्य अजून संपलेलं नाही. पडद्यावरच्या अक्षरांत तो चढउतार नसतो.

शिवाय असं यंत्र आधी अंदाज बांधतं आणि पुढचे शब्द ऐकले की मागचे बदलतं. ते अंदाज तसेच दाखवले, तर साधारण एका सेकंदात अक्षरं दिसतात, पण डोळ्यांसमोर बदलत राहतात. दुपारी आम्ही दुसरी मांडणी केली: लागोपाठ दोनदा तोच शब्द आला तरच तो दाखवायचा, आणि एकदा दाखवलेला बदलायचा नाही. आता अक्षरं चार सेकंदांनी येऊ लागली. चुका कमी झाल्या.

पण दुपारी चर्चा होती. साध्या बोलण्यात सेकंदाला दोनेक शब्द होतात, म्हणजे चार सेकंदांत आठेक शब्द. एकीचं वाक्य पडद्यावर पूर्ण होईपर्यंत दुसरीने बोलायला सुरुवात केलेली असे. पाचही जणींनी सगळं नीट वाचलं आणि तासभरात एकही जण बोलली नाही. सकाळी चुका होत्या, पण त्या बोलल्या तरी होत्या.

अशा वेळी तंत्र जाणणारे चुकलेल्या शब्दांची टक्केवारी सांगतात. ती फसवी आहे. "आम्हाला पोलीस ठाण्यात तक्रार करायची नाही" या सहा शब्दांत "ठाण्यात"चं "ठाण्याला" झालं तर एक चूक, आणि "नाही" गळलं तरी एकच चूक. हिशेब सारखा, पण दुसऱ्या चुकीने बाईचा निर्णयच उलटा होतो.

माझं मत असं आहे, की वेग हवा की अचूकपणा हा प्रश्नच आपण चुकीच्या ठिकाणी विचारतो. उशीर तर होणारच. तो कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. आज तो ऐकू न येणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. तो सगळ्या बैठकीने वाटून घेतला पाहिजे.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही चार सेकंदांचीच मांडणी ठेवली आणि बैठकीची रीत बदलली. माईक एकच, तोंडापासून वीतभर अंतरावर. तो हातात असेल तिनेच बोलायचं, कारण दोघी एकदम बोलल्या की यंत्र दोघींचंही काही धड लिहीत नाही. वाक्य पडद्यावर पुरतं उमटेपर्यंत माईक पुढे द्यायचा नाही. आणि एक कार्यकर्ती लॅपटॉपपाशी बसून फक्त तीन गोष्टी पाहील: नकार, नावं आणि आकडे. यांत चूक दिसली तर ती हात वर करून वाक्य पुन्हा म्हणायला सांगते. तिने प्रत्येक शब्द दुरुस्त करायचं आम्ही मुद्दाम टाळलं; त्याने उशीर सात-आठ सेकंदांवर जात होता.

सुरुवातीला उशीर मोजायचा. एकीने वाक्याचा शेवटचा शब्द उच्चारताच हात वर करायचा, दुसरीने तो शब्द पडद्यावर येईपर्यंत घड्याळ पाहायचं. पाच सेकंदांपुढे गेलं तर चर्चा सुरू करायची नाही, आधी मांडणी तपासायची.

या रीतीने बैठक लांबते. आमची पाऊण तास लांबली, आणि काही जणींनी कुरकुरही केली. पण त्या दिवशी पाचपैकी तिघी बोलल्या. त्यातली एक म्हणाली, "इतकी वर्षं मी बैठकींना येते. कुणाचं बोलणं संपायची वाट बघून मी बोलले, असं आज पहिल्यांदा झालं." त्या पाऊण तासाचा हिशेब मांडताना हे वाक्यही धरावं, एवढंच माझं म्हणणं आहे.