सहा कार्बनचा हिशेब

नीटची तयारी करणाऱ्या मुलांकडे हल्ली दोन तऱ्हेच्या नोट्स असतात. एक क्लासच्या छापील आणि दुसऱ्या, धड्याचं नाव टाकून एआयकडून मिनिटाभरात लिहून घेतलेल्या. दुसऱ्या दिसायला जास्त देखण्या. ठळक मथळे, नीटनेटके तक्ते, शेवटी ‘लक्षात ठेवा’ची चौकट. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे कागद कुणी ना कुणी पुढ्यात ठेवून विचारतंच, ‘‘सर, उजळणी यावरून केली तर चालेल ना?’’ ते नुसते कागद चाळून सांगता येत नाही, पुस्तक शेजारी उघडावं लागतं. पण अख्खा धडा ओळीला ओळ ताडून बघायचा, तर मग नोट्स हव्यात कशाला? म्हणून चूक कुठे लपते ते माहीत असलेलं बरं.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातला वनस्पतींच्या श्वसनाचा धडा घ्या. एका मुलीच्या नोट्समध्ये त्याचा एक तक्ता होता. वर मथळा, ‘ग्लुकोजच्या एका रेणूमागे’. खाली तीन ओळी. ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ 2 एटीपी आणि 2 NADH. पायरुवेटपासून ॲसिटिल को-ए होताना 2 NADH आणि 2 CO₂. क्रेब्ज चक्रात 3 NADH, 1 FADH₂, 1 एटीपी आणि 2 CO₂. आणि तळाला एकूण बेरीज, 32 एटीपी.

वाचताना कुठेच खटकत नाही, कारण यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या पुस्तकात खराच सापडतो. मी तिला म्हटलं, ‘‘पुस्तक राहू दे, आधी कार्बन मोज.’’ ग्लुकोजमध्ये कार्बन सहा. श्वसन पूर्ण झालं, तर CO₂ चे सहा रेणू बाहेर पडायला हवेत. तक्त्यात दोन अधिक दोन, चारच भरतात. उरलेले दोन कार्बन गेले कुठे?

गेले ते क्रेब्जच्या ओळीत. 3 NADH, 1 FADH₂, 1 एटीपी, 2 CO₂ हा हिशेब चक्राच्या एका फेरीचा, म्हणजे एका ॲसिटिल को-एचा आहे. एका ग्लुकोजपासून ॲसिटिल को-ए होतात दोन, म्हणून फेऱ्याही दोन आणि ती सगळी ओळ दुप्पट व्हायला हवी. वरच्या दोन ओळी मात्र आधीच दुप्पट करून लिहिलेल्या होत्या. माणूस अशी चूक घाईत करतो. यंत्राची तऱ्हा वेगळी. त्याने वाचलेल्या ढिगातल्या काही पुस्तकांत हिशेब फेरीमागे असतो, काहींत ग्लुकोजमागे. आधीच्या मजकुरापुढे काय शोभून दिसेल ते ते लिहीत जातं, आणि मथळा एका पद्धतीचा तर आकडा दुसऱ्या पद्धतीचा असा सांधा बसतो. म्हणून आकड्यापेक्षा ‘कशामागे’ हे शब्द आधी ताडावेत. एका रेणूमागे, एका फेरीमागे, एका पेशीमागे. या धड्यात तरी बहुतेक गफलती तिथेच सापडतात.

तळाची बेरीज तर आणखी मजेशीर. पुस्तकाच्या दराने एका NADH चे 3 एटीपी आणि एका FADH₂ चे 2. तक्त्यातले आकडे त्या दराने मांडले तर 21, 2 आणि थेट मिळालेले 3, असे 26 होतात. नव्या दराने, म्हणजे अडीच आणि दीडने, 22 होतात. 32 काही केल्या येत नाहीत. याचा अर्थ बेरीज केलेलीच नव्हती, तो आकडा दुसरीकडून उचलून आणला होता. क्रेब्जची ओळ दुरुस्त केली की NADH 10, FADH₂ 2 आणि थेट एटीपी 4 होतात. मग नव्या दराने 25, 3 आणि 4 मिळून 32 येतात. पुस्तकाच्या दराने 30, 4 आणि 4, म्हणजे 38.

‘‘म्हणजे 32 चूक नाही?’’ तिने विचारलं. नाही. विद्यापीठाच्या पातळीवरची जीवरसायनशास्त्राची पुस्तकं आज 30 ते 32च सांगतात. पण परीक्षेचा प्रश्न ज्या पुस्तकावर बेतलेला असतो, त्यात NADH चा भाव तीन आहे. पर्यायांत 38 असेल आणि ही मुलगी 32 शोधत बसेल, तर गुण जाईल तो बरोबर माहितीमुळे. असे आकडे नोट्समधून खोडू नयेत. समोर पुस्तकातला दर लिहून ठेवावा.

त्याच कागदावरची दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते. श्वसन गुणांक म्हणजे बाहेर पडलेला CO₂ भागिले वापरलेला ऑक्सिजन. नोट्समध्ये हा अपूर्णांक उलटा होता, ऑक्सिजन वर आणि CO₂ खाली. पुढे उदाहरण ग्लुकोजचं, सहा भागिले सहा, उत्तर एक. आता ग्लुकोजच्या बाबतीत सूत्र सुलटं घाला की उलटं, उत्तर एकच येणार! सूत्र बरोबर असल्याची खात्री ज्या उदाहरणाने पटायची, त्यानेच चूक झाकली. पुस्तकात ट्रायपामिटिन या मेदाचंही उदाहरण आहे. त्याच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे 145 रेणू लागतात आणि CO₂ चे 102 बाहेर पडतात. 102 भागिले 145 म्हणजे 0.7. उलट्या सूत्राने 1.4 येतात, आणि मेदाचा गुणांक एकापेक्षा कमी असतो हे पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. म्हणून नोट्समधलं सूत्र तपासायला नोट्समधलंच उदाहरण घेऊ नये. पुस्तकातलं दुसरं, शक्यतो दोन बाजूंचे आकडे वेगवेगळे असलेलं घ्यावं.

इथवरच्या चुका कागदावर दिसत तरी होत्या. जे लिहिलेलंच नाही ते नोट्स कितीही बारकाईने वाचल्या तरी सापडत नाही. त्यासाठी उलट्या बाजूने यावं लागतं. पुस्तकाचा परिच्छेद वाचायचा आणि तो नोट्समध्ये कुठे आहे ते शोधायचं. या धड्यात एटीपीचा हिशेब मांडण्याआधी पुस्तक सांगतं, की तो काही गोष्टी गृहीत धरून केलेला आहे: सगळ्या क्रिया एकामागून एक ठरल्या क्रमाने होतात, मधले पदार्थ दुसऱ्या कामाला वळवले जात नाहीत, आणि श्वसन फक्त ग्लुकोजचंच होतं. जिवंत पेशीत असं होत नाही, हेही पुस्तकच सांगतं. नोट्समध्ये बेरीज राहिली आणि गृहीतकं गळाली. यंत्राला थोडक्यात लिहायला सांगितलं की ‘जर’, ‘साधारण’, ‘फक्त’ असले शब्द आधी छाटले जातात. विधान आणि कारण पद्धतीचे प्रश्न नेमके त्या शब्दांवर असतात.

ही तपासणी त्याच यंत्राकडून करून घ्यावी असं मुलांना वाटतं. ‘यात चूक आहे का’ असं विचारलं की ते कधी असलेली चूक काढतं, कधी नसलेली. त्यापेक्षा पेन्सिल घेऊन आकडे, बाणांची दिशा आणि जागांची नावं एवढ्यांभोवती गोल करावेत आणि प्रत्येक गोलाशेजारी पुस्तकाचा पान क्रमांक लिहावा. ज्या गोलाला पान मिळत नाही, तो उजळणीत घ्यायचा नाही. मात्र शेजारी उघडलेलं पुस्तक नव्या छपाईचं असू द्या. थोरल्या भावंडाचं जुनं पुस्तक घेतलं, तर काही धडे तिथे आहेत पण अभ्यासक्रमात नाहीत असा घोळ होतो.

तिच्या गठ्ठ्यात ‘खनिज पोषण’च्याही नोट्स होत्या. एनसीईआरटीने तो धडा अकरावीच्या पुस्तकातून काढलाय आणि नीटच्या अभ्यासक्रमातही तो आता नाही. ‘‘मग टाकून देऊ?’’ म्हणाली. टाकू नकोस म्हटलं, सीईटीही देणार आहेस ना? राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात खनिज पोषण आहे. फक्त या नोट्स त्या पुस्तकाशी ताडायच्या.