घरी सोडवावयाची कसोटी

नोकरीच्या मुलाखतीपूर्वी उमेदवारास एखादे काम घरी करावयास देण्याची रीत आता आपल्याकडेही चांगलीच रुळली आहे. अशा कामास 'टेक-होम असाइनमेंट' म्हणतात. घरातील वडीलधाऱ्यांस हा परीक्षेचाच प्रकार वाटतो. परंतु परीक्षेत प्रश्न बांधलेला असतो, येथे तो उमेदवारानेच बांधून घ्यावयाचा असतो. हा भेद ध्यानी न आल्याने पुष्कळ हुशार मुले फसतात.

एक उदाहरण घेऊ. धुळ्याच्या एका संख्याशास्त्राच्या पदवीधर मुलीस पुण्याच्या एका कंपनीने जळगाव जिल्ह्यातील बाजारांतील केळीच्या भावांची एका वर्षाची यादी पाठविली, असे समजा. तीत तारीख, बाजाराचे नाव आणि दर क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण भाव आहे. काम इतकेच: 'भाव केव्हा पडतात ते पाहून उपयोगी निष्कर्ष सांगा.' अवधी तीन दिवसांचा. पण प्रत्यक्ष कामास चार तासांहून अधिक वेळ देऊ नये, अशी सूचना.

प्रथम मर्यादा आखावी. सर्व बाजार एकत्र पाहावयाचे की निरनिराळे? निष्कर्ष वाचणारा व्यापारी की संगणकतज्ज्ञ? पुढील वर्षाचे भाकीत हवे आहे काय? एवढे तीनच प्रश्न तिने एका पत्रात विचारावेत आणि शेवटी लिहावे, 'उत्तर न मिळाल्यास मी बाजार निरनिराळे धरीन, व्यापाऱ्यासाठी लिहीन आणि भाकीत करणार नाही.' म्हणजे उत्तरासाठी काम अडून राहत नाही. भाकीत वगळण्यास कारणही सबळ आहे. एका वर्षात प्रत्येक महिना एकदाच येतो. तेव्हा एखाद्या महिन्यात भाव पडला तो ऋतूमुळे की त्या वर्षीच्या काही अपघातामुळे, हे त्या यादीवरून सांगताच येणार नाही. अशा स्थितीत भाकिताचा डौलदार डोलारा उभा करणारा उमेदवार आपले अज्ञानच दाखवितो.

आता वेळ. चार तासांपैकी अर्धा तास वाचन व आखणी, पाऊण तास यादीची साफसफाई, दीड तास मुख्य काम, पाऊण तास टिपण आणि शेवटचा अर्धा तास सर्व काही आरंभापासून पुन्हा चालवून पाहण्यास ठेवावा. बहुतेकांचा घात साफसफाईत होतो. चौदाशेच्या आसपासच्या भावांत मध्येच 'चौदा' दिसला, तर कोणी क्विंटलऐवजी किलोचा भाव लिहिला असण्याचा संभव असतो. एकाच दिवसाची नोंद दोनदा येते; सर्वसाधारण भाव कमाल भावाच्याही वर गेलेला आढळतो. अशा नोंदी मुकाट्याने पुसू नयेत. किती होत्या, त्यांचे काय केले व का, हे टिपणात दोन ओळींत नमूद करावे. पाऊण तास संपला की राहिलेल्या शंका लिहून ठेवून पुढे जावे. चारांचे आठ तास करून 'चार' म्हणून सांगणे तर सर्वथा वर्ज्य. पुढील भेटीत प्रश्न निघाले की ते उघडे पडते, आणि नोकरी मिळालीच तर तोच वेग रोज मागितला जातो. काम चार तासांत मावणारे नाहीच असे आरंभीच दिसले, तर तसे कळवून त्याचा कोणता भाग करावा हे विचारावे.

शेवटी सादरीकरण. अर्ध्या तासाच्या भेटीत आपण काय काय केले याची बखर सांगत बसू नये. पहिल्याच वाक्यात उत्तर द्यावे: 'या वर्षी अमुक दोन महिन्यांत भाव सर्वांत खाली होते, परंतु हा दरवर्षीचा नियम आहे असे म्हणता येत नाही.' मग एकच आलेख दाखवावा, त्यानंतर वगळलेल्या नोंदी, आणि अखेरीस उणिवा. यादीत आवक दिलेली नाही. त्यामुळे दहा क्विंटल विकल्याचा दिवस आणि हजार क्विंटल विकल्याचा दिवस सरासरीत सारखेच मोजले जातात, ही उणीव परीक्षकाने काढण्यापूर्वी आपणच सांगावी. 'आणखी एक दिवस मिळाला तर काय कराल?' हा प्रश्न बहुधा येतोच. 'आवक आणि मागील पाच वर्षांचे भाव मिळवीन,' हे त्याचे तयार उत्तर.

भेटीच्या आदल्या सायंकाळी हे सर्व घरातील एखाद्या जाणत्या माणसास सांगून पाहावे; मात्र काम स्वतःचेच असावे. रावेर-यावलकडची केळी पाहिलेले काका असतील तर चटकन विचारतील, "अगं, पुष्कळ माल तर शेतातच सौदा होऊन गाडीत भरला जातो, तो तुझ्या यादीत आहे का?" हा प्रश्न घरीच निघाला, तर उणिवांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवावयास रात्र हाताशी असते.