हेल्मेट घालून माती थांबते का?

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या मुलांचे सिव्हिलचे बरेच प्रोजेक्ट रिपोर्ट वाचायला आले. (नातेवाइकांत एक इंजिनिअर असला की हे ओघाने येतंच!) प्रत्येकात शेवटचं प्रकरण ‘सेफ्टी प्लॅन’, आणि त्यात तोच तक्ता. धोका : चराची माती ढासळणे. उपाय : हेल्मेट, बूट, सूचनाफलक. जबाबदारी : कॉन्ट्रॅक्टर. मार्कही पूर्ण. माझा राग या तक्त्यावर आहे.

समजा गल्लीत ड्रेनेजसाठी अडीच मीटर खोल, एक मीटर रुंद चर खणायचा आहे. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वासच घेऊ शकत नाही, डोकं बाहेर असलं तरी. तिथे हेल्मेट काय करणार?

सरकारी कामांच्या करारात सेफ्टी कोड असतो. सीपीडब्ल्यूडीचा कोड सांगतो, दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्या, नाहीतर फळ्या-टेकूंनी त्या धरून ठेवा. खणलेली माती काठापासून किमान दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्मी, यांत जे जास्त असेल तेवढी लांब टाका. दर तीस मीटरला शिडी. हे खरे उपाय.

आता गंमत बघा. अडीच मीटर खोलीला एकास एक उतार दिला, तर वरची रुंदी सहा मीटर होते. खोदाई दर मीटर लांबीला अडीचऐवजी पावणेनऊ घनमीटर, म्हणजे साडेतीन पट! गल्लीच सहा मीटरची असेल तर उतार शक्यच नाही. टेकू हवेत, आणि त्यांचे पैसे एस्टिमेटमध्ये हवेत. पण एस्टिमेट दुसऱ्या प्रकरणात संपलेलं, सेफ्टी नवव्यात. मग उरतं हेल्मेट, कारण ते स्वस्त!

‘कॉन्ट्रॅक्टर’ हे जबाबदारीचं उत्तर नव्हे. तो दिवसभर पाच साइटवर असतो. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर, कोणी आत उतरण्याआधी, चर बघणारा माणूस कोण? काठाला समांतर भेग पडली, बाजूतून पाणी पाझरायला लागलं किंवा ढेकळं सुटायला लागली, तर काम थांबवायचा अधिकार त्याला आहे का? मजुराला तो नसतो, रोजंदारी त्याच्या हातात नाही. रिपोर्टमध्ये त्या माणसाचं पद लिहा.

तेव्हा परीक्षक सरांनी व्हायव्हामध्ये एवढं एकच विचारावं : ‘तुझ्या एस्टिमेटमध्ये टेकूंची ओळ कुठे आहे, दाखव.’