कापलेला कर आणि देणे असलेला कर

सावनेर परिसरातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कामगार ग्रॅच्युइटीची रक्कम बहुधा बँकेच्या मुदत ठेवीत ठेवतो. उतारवयाचा तोच आधार असतो. वर्षअखेर व्याजाची नोंद पाहताना काही रक्कम कमी जमा झालेली दिसते. चौकशी केली की उत्तर मिळते, ‘टीडीएस कापला.’ सरकारने कर घेतला, आता विषय संपला, अशी समजूत करून घेऊन तो परत फिरतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत ज्यांना परवडत नाही तेच ती मोजतात.

प्राप्तिकर वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ठरतो. वर्ष संपल्याखेरीज तो नक्की सांगता येत नाही. सरकार मात्र तोवर थांबत नाही. पैसे देणाऱ्यानेच त्यातून ठराविक हिस्सा कापून सरकारजमा करावा, अशी कायद्याची योजना आहे. हा हिस्सा म्हणजे अंतिम कर नव्हे. वर्षाच्या करापोटी दिलेली ती उचल असते. वर्षअखेर हिशेब होतो. उचल कमी पडली तर फरक भरावा लागतो, जास्त झाली तर परतावा मिळतो. परतावा ही सरकारची कृपा नसून करदात्याचेच पैसे त्याच्याकडे परत येणे होय.

उदाहरणादाखल 2024-25 या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. एका निवृत्त खाणकामगाराची आठ लाखांची ठेव आहे, व्याजदर सात टक्के. वर्षाचे व्याज झाले 56,000 रुपये. ज्येष्ठ नागरिकाचे व्याज 50,000 च्या वर गेले की त्या वर्षी बँकेला संपूर्ण व्याजावर दहा टक्के कपात करावी लागे. म्हणून 5,600 रुपये कापले गेले. कोळसा खाण निवृत्तिवेतन योजनेतून त्याला महिना 9,000, म्हणजे वर्षाचे 1,08,000 रुपये मिळतात असे धरू. एकूण उत्पन्न 1,64,000. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर शून्य होता. तेव्हा देणे शून्य, कापले 5,600. सगळीच रक्कम परत मिळायला हवी.

पण ती आपोआप मिळत नाही. बँकेला फक्त व्याज दिसते, माणसाची परिस्थिती दिसत नाही. एवढ्या कमी उत्पन्नावर विवरणपत्र भरण्याची या कामगारावर सक्ती नाही, म्हणून त्याला कोणी आठवण करीत नाही; आणि विवरणपत्र भरल्यावाचून परतावा नाही. सक्तीतून सूट मिळालेला माणूस नेमका त्या सुटीमुळेच आपल्या पैशाला मुकतो.

2024-25 चे विलंबित विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंत भरता येत होते. ती तारीख चुकल्यास विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. 2024 च्या परिपत्रकानुसार त्याला कर-निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा आहे. नंतर भरता येणाऱ्या ‘अद्ययावत’ विवरणपत्रात परतावा मागताच येत नाही.

मुदतीवरून संसदेतही वाद झाला. 2025 च्या नव्या प्राप्तिकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात नियत तारखेनंतर विवरणपत्र भरणाऱ्याचा परताव्याचा हक्कच जात होता. प्रवर समितीच्या शिफारशीनंतर ती तरतूद वगळण्यात आली. ती राहिली असती तर पहिला फटका अशाच माणसांना बसला असता.

व्याजाचा न्यायही पाहण्याजोगा आहे. कापलेला कर सरकारजमा करण्यास उशीर झाला, तर कापणाऱ्याला दरमहा दीड टक्का व्याज पडते. सरकारकडे अडकलेल्या परताव्यावर मात्र दरमहा अर्धा टक्काच मिळतो. 5,600 रुपयांवर एका बाजूला महिन्याला 84 रुपये, दुसऱ्या बाजूला 28. दुसऱ्याचे पैसे अडवणाऱ्याला दंड हवाच. पण अडवणारे सरकार असले की दर एक-तृतीयांशावर उतरावा, याचे समर्थन कसे करायचे?

कपात मुळात टाळताही येते. एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असल्यास ज्येष्ठ नागरिकाने बँकेला स्वघोषणापत्र द्यायचे असते. आजवर ते ‘15 एच’ या नावाने परिचित होते. ते प्रत्येक बँकेत, दर वर्षी, शक्यतो एप्रिलमध्येच द्यावे. पॅन नसेल तर ते व्यर्थ ठरते आणि कपात वीस टक्क्यांनी होते. कपात झालीच असेल तर ‘26 एएस’ या खातेउताऱ्यात ती आपल्या पॅनवर नोंदली आहे की नाही, हे आधी तपासावे. तिथे नोंद नसल्यास दोष कापणाऱ्याकडे आहे. त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते.

1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात, उचलीचे तत्त्व बदलत नाही. म्हणून एप्रिलमध्ये घोषणापत्रे आणि जुलैपूर्वी विवरणपत्रे, एवढे काम सावनेरच्या कामगार वस्त्यांत कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. त्याचबरोबर एक मागणीही लावून धरावी: ज्याच्या पॅनवर कपात दिसते आणि उत्पन्न करपात्र दिसत नाही, त्याला प्राप्तिकर खात्याने स्वतःहून कळवावे. उत्पन्न दडवणाऱ्याला नोटीस पाठवण्याइतकी माहिती ज्या खात्याकडे जमा होते, त्याला हे अशक्य नाही.